क्यूबाचा पेचप्रसंग लिहिताना या चुका टाळा

क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगावरचे उत्तर तपासायला घेतले की पहिल्या चार ओळींतच पुढचे सगळे कळते. "केनेडींनी ठाम भूमिका घेतली, ख्रुश्चेव्ह घाबरले आणि जग अणुयुद्धातून वाचले" असे वाक्य आले की पुढे नाकाबंदी, मग हॉटलाइन आणि शेवटी शांततेचे महत्त्व येणार, हे ठरलेले असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी गेली कित्येक वर्षे आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवतो आणि त्यांच्या सरावाच्या उत्तरपत्रिका तपासतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा आता कंटाळा आला आहे, म्हणून त्या एकदा सविस्तर लिहून काढतो.

आधी घटनाक्रम थोडक्यात सांगतो. 1962 च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने क्यूबात गुपचूप अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे पाठवायला सुरुवात केली. 14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 विमानाने त्यांची छायाचित्रे काढली आणि 16 ऑक्टोबरला सकाळी ती अध्यक्ष केनेडींना दाखवण्यात आली. सहा दिवस गुप्त खल झाला. सुरुवातीला हवाई हल्ल्याकडे असलेला कल हळूहळू नौदलाच्या वेढ्याकडे वळला आणि 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी केनेडींनी दूरचित्रवाणीवरून तो जाहीर केला. 28 ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याची घोषणा केली. एवढे सगळ्यांनाच पाठ असते. चुका होतात त्या याच्या मधल्या जागांत.

पहिली चूक: 24 ऑक्टोबरला समुद्रात जहाजे समोरासमोर आली, असे लिहिणे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. काही वर्षांपूर्वी एका तुकडीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. तीसहून अधिक मुलांनी जवळजवळ शब्दशः एकच परिच्छेद लिहिला होता: सोव्हिएत जहाजे वेढ्याच्या रेषेपर्यंत आली, अमेरिकी युद्धनौका तोफा रोखून उभ्या होत्या, शेवटच्या क्षणी सोव्हिएत जहाजांनी तोंड फिरवले आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. विचारपूस केल्यावर कळले की कुठल्याशा झेरॉक्स केलेल्या टिपणांतून हा परिच्छेद फिरत होता आणि टिपणे कोणी लिहिली हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांना दोष देऊन उपयोग नव्हता, कारण हे चित्र खुद्द अमेरिकेतच तयार झाले आहे. आपण डोळ्याला डोळा भिडवून उभे होतो आणि समोरच्याची पापणी लवली, अशा आशयाचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचे उद्गार त्याच दिवसाचे आहेत आणि ते इतके चटकदार आहेत की त्यांच्यापुढे वस्तुस्थिती मागे पडली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात अटलांटिक महासागराचा नकाशा लावला, क्यूबाच्या पूर्व टोकापासून 500 सागरी मैलांवर वेढ्याची रेषा आखली आणि 'किमोव्स्क' हे जहाज 24 ऑक्टोबरच्या सकाळी कुठे होते ते एका मुलीला टाचणीने दाखवायला सांगितले. क्षेपणास्त्रे वाहून नेणाऱ्या जहाजांपैकी हे एक. तिने टाचणी अर्थातच रेषेवर टोचली. प्रत्यक्षात ते त्या रेषेपासून सुमारे साडेसातशे मैल दूर होते आणि युरोपच्या दिशेने परत चालले होते. केनेडींचे भाषण झाल्यावर काही तासांतच ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे आणि शस्त्रे नेणारी जहाजे थांबवण्याचे किंवा माघारी वळवण्याचे आदेश दिले होते. त्यामुळे रस्क यांचे उद्गार निघाले तेव्हा जहाज वळून जवळपास तीस तास होऊन गेले होते. जहाजांच्या जागांची माहिती अमेरिकी नौदलाकडे तुकड्यातुकड्याने आणि उशिरा येत होती आणि ती वॉशिंग्टनमधील बैठकीच्या खोलीत पोहोचायला आणखी वेळ गेला. त्या खोलीत बसलेल्यांना वाटणारी भीती खरी होती. ती ज्या दृश्याची होती ते दृश्य मात्र समुद्रावर नव्हते.

अशा चुकांवर माझा स्वतःचा एक उपाय आहे. तो शास्त्रशुद्ध आहे असा दावा नाही, पण मला त्याचा उपयोग झाला आहे. आडव्या कागदावर चार रकाने आखावेत: वॉशिंग्टनची वेळ, मॉस्कोची वेळ, काय घडले, आणि त्या घटकेला ते कोणाला माहीत होते. केनेडींचे भाषण वॉशिंग्टनमध्ये 22 तारखेच्या संध्याकाळी सातला झाले, तेव्हा मॉस्कोत 23 तारखेच्या पहाटेचे दोन वाजले होते. नुसती तारीख लिहिली की हा फरक नाहीसा होतो आणि ख्रुश्चेव्ह दोन दिवस काहीच न करता बसून होते असे वाटू लागते. चौथा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि घाई असलेली मुले नेमका तोच रिकामा सोडतात. माझ्या मते या पेचप्रसंगातला धोका आणि त्यातून निघालेली वाट, या दोन्ही गोष्टी त्याच रकान्यात आहेत.

दुसरी चूक: तुर्कस्तानचा उल्लेख न करता शेवट करणे

अमेरिकेने तुर्कस्तानात 15 ज्युपिटर क्षेपणास्त्रे उभी केली होती आणि ती सोव्हिएत संघाच्या दाराशीच होती. जो विद्यार्थी सुरुवातीला ख्रुश्चेव्ह यांच्या हेतूंमध्ये ही क्षेपणास्त्रे लिहितो, तोच शेवट लिहिताना ती विसरतो. मग शेवटी उरते ती एकतर्फी माघार: क्यूबावर आक्रमण करणार नाही असे अमेरिकेने आश्वासन दिले आणि तेवढ्यावर सोव्हिएत संघाने सगळे सामान गुंडाळले.

26 आणि 27 ऑक्टोबर या दोन दिवसांची पत्रे एका पाठोपाठ एक वाचली तर प्रश्न सुटतो. 26 तारखेच्या रात्री ख्रुश्चेव्ह यांचे लांबलचक पत्र वॉशिंग्टनला तुकड्यातुकड्याने पोहोचले. त्यात युद्धाच्या गाठीची उपमा आहे: दोन्ही टोके आपण जितकी ओढू तितकी ती घट्ट बसेल आणि एक वेळ अशी येईल की बांधणाऱ्यालाही ती सोडवता येणार नाही. क्यूबावर हल्ला करणार नाही असे सांगा, मग आमची शस्त्रे तिथे असण्याची गरज उरणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मॉस्को रेडिओवरून दुसरे पत्र प्रसारित झाले आणि त्यात तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे हटवण्याची मागणी उघडपणे आली.

पुढची जी हकीकत आपल्याकडे शिकवली जाते ती अशी, की केनेडींनी हुशारीने दुसऱ्या पत्राकडे दुर्लक्ष करून पहिल्याला होकार दिला आणि डाव जिंकला. जाहीर उत्तर तसेच होते, हे खरे. पण केनेडींनी या बैठकांचे गुपचूप ध्वनिमुद्रण करून ठेवले होते आणि त्या फिती आता उपलब्ध आहेत. त्यांत 27 तारखेला बहुतेक सल्लागार तुर्कस्तानच्या सौद्याला विरोध करत आहेत आणि केनेडी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत आहेत की कोणत्याही समजूतदार माणसाला हा सौदा रास्तच वाटेल. त्या संध्याकाळी त्यांनी मोजक्या सल्लागारांना बाजूला घेतले आणि धाकट्या भावाला, ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना, सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांना भेटायला सांगितले. भेट न्याय खात्याच्या कार्यालयात झाली. रॉबर्ट यांनी सांगितले की तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत निघतील, पण ही नाटोची बाब असल्याने तसे जाहीर करता येणार नाही आणि हे बोलणे गुप्तच राहिले पाहिजे. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचे एक विमान पाडले गेले होते; आणखी एक पडले तर सेनाधिकाऱ्यांना आवरणे अध्यक्षांना कठीण जाईल, हेही त्यांनी सूचित केले.

डोब्रिनिन यांनी आपल्या आठवणींत नोंदवलेला एक तपशील मी वर्गात नेहमी सांगतो. वॉशिंग्टनहून मॉस्कोला संदेश पाठवायचा म्हणजे तो आधी सांकेतिक लिपीत बसवायचा आणि मग तार कंपनीला फोन करायचा. कंपनीचा एक तरुण सायकलवरून दूतावासात येई, पाकीट घेई आणि परत जाई. त्याने वाटेत कुठे थांबू नये, एवढीच राजदूताची प्रार्थना असे. ज्यावर दोन महासत्तांचा निर्णय अवलंबून होता ती माहिती सायकलच्या वेगाने सरकत होती. हे समजले की पहिले पत्र आणि दुसरे पत्र यांच्यातला गोंधळही समजतो, कारण दोन्हीकडची माणसे काही तासांपूर्वीच्या जगाला उत्तर देत होती.

पण इथे उलट दिशेची घाईही करू नये. सौद्याची माहिती मिळालेले विद्यार्थी मग लिहितात की तुर्कस्तान मिळाले म्हणून ख्रुश्चेव्ह मागे फिरले. 28 तारखेला मॉस्कोबाहेरच्या एका सरकारी निवासस्थानी सोव्हिएत नेतृत्वाची बैठक सुरू झाली तेव्हा ख्रुश्चेव्ह यांचा कल माघारीकडे झुकलेला होताच. डोब्रिनिन यांचा अहवाल बैठक चालू असताना आला आणि त्याने घाई वाढवली. त्यातच केनेडी पुन्हा देशाला उद्देशून बोलणार आहेत, अशी चुकीची बातमी येऊन थडकली आणि ती आक्रमणाचीच घोषणा असेल असे बैठकीतल्या लोकांना वाटले. म्हणून उत्तर राजनैतिक मार्गाने पाठवण्याची वाट न पाहता थेट रेडिओवरून वाचून दाखवण्यात आले. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा रविवारची सकाळ होती आणि नऊ वाजले होते.

ज्युपिटर क्षेपणास्त्रे एप्रिल 1963 पर्यंत तुर्कस्तानातून निघाली. गुप्तता मात्र कितीतरी वर्षे टिकली. रॉबर्ट केनेडींच्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या, तेव्हा अध्यक्ष केनेडींचे सल्लागार राहिलेले थिओडोर सोरेन्सन यांनी रॉबर्ट यांच्या टिपणांतला सौद्याचा स्पष्ट उल्लेख काढून टाकला होता आणि हे त्यांनी 1989 मध्ये मॉस्कोतील परिषदेत मान्य केले. त्याआधी छापलेले कोणतेही पुस्तक हातात असेल तर शेवटचे प्रकरण तपासून घ्यावे. मी जुने पुस्तक उघडले की आधी प्रकाशनाचे वर्ष पाहतो आणि 1989 च्या आधीचे असेल तर 27 ऑक्टोबरची पाने पेन्सिल हातात घेऊनच वाचतो.

तिसरी चूक: धोका फक्त दोन नेत्यांच्या हातात होता, असे मानणे

बटणावर बोट ठेवून बसलेले दोन नेते, असे चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर असते. 27 ऑक्टोबरच्या शनिवारी जे घडले त्यातले सर्वांत धोकादायक प्रसंग या दोघांनीही ठरवलेले नव्हते.

मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे यू-2 विमान त्या दिवशी पूर्व क्यूबावर सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले आणि अँडरसन मृत्युमुखी पडले. मॉस्कोने तसा हुकूम दिला नव्हता. क्यूबातील सोव्हिएत सेनापती जनरल प्लियेव्ह त्या वेळी संपर्कात नव्हते. विमान छायाचित्रे घेऊन निसटेल म्हणून त्यांच्या हाताखालच्या दोन अधिकाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर आदेश दिला. वॉशिंग्टनमध्ये हा मॉस्कोने जाणूनबुजून केलेला हल्ला समजला गेला. विमान पडले तर ते पाडणाऱ्या तळावर हल्ला करायचा, असे आधीच ठरले होते. केनेडींनी तो आदेश रोखून धरला. त्याच दिवशी अलास्कातून निघालेले दुसरे एक यू-2 उत्तर ध्रुवाजवळ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि सुदैवाने परत आले.

पाणबुडीचा प्रसंग तर मी वाचून दाखवतो, कारण तो सांगताना मुले हमखास त्याचे नाटक करतात. सोव्हिएत संघाने त्या भागात चार डिझेल पाणबुड्या पाठवल्या होत्या आणि प्रत्येकीवर एक अण्वस्त्रयुक्त टॉर्पेडो होता. बी-59 या पाणबुडीला अमेरिकी नौकांनी घेरले आणि ती वर यावी म्हणून सरावाचे छोटे स्फोटक गोळे पाण्यात टाकले. अशा गोळ्यांचा अर्थ 'वर या' एवढाच आहे, असे अमेरिकेने मॉस्कोला कळवले होते, पण तो निरोप पाणबुड्यांपर्यंत गेला नाही. आत विद्युतघट उतरत आलेले, तापमान 45 अंशांच्या पुढे गेलेले, हवा कोंदट, माणसे बेशुद्ध पडत असलेली आणि मॉस्कोशी संपर्क तुटलेला. वर युद्ध सुरू झाले की नाही, हे आतल्या कोणालाही माहीत नव्हते. पाणबुडीवरील वादिम ओर्लोव्ह यांनी पुढे सांगितले की कप्तान वालेंतिन साविट्स्की यांनी संतापून तो टॉर्पेडो सज्ज करण्याचा हुकूम दिला आणि त्याच पाणबुडीवर असलेले ब्रिगेडचे चीफ ऑफ स्टाफ वासिली आर्खिपोव्ह यांनी त्यांना शांत केले. पाणबुडी वर आली.

नेमके काय बोलणे झाले याबाबत प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यात फरक आहे. कोणी हा प्रसंग पाण्याखाली घडला असे सांगतात, तर कोणी वर आल्यानंतरचा. म्हणून 'तिघांनी मतदान केले आणि एकाने नाही म्हटले' हे ठरीव वाक्य उत्तरात लिहू नये. 'ओर्लोव्ह यांच्या सांगण्याप्रमाणे' असे लिहावे. एवढे दोन शब्द लिहायला कोणाला वेळ नसतो, हे मला पटत नाही. अमेरिकी नौदलाला त्या टॉर्पेडोची कल्पना नव्हती, हे मात्र निर्विवाद आहे.

हीच गोष्ट क्यूबाच्या जमिनीवर होती. अमेरिकी अंदाजात सोव्हिएत सैनिक दहा हजारांच्या आसपास होते, प्रत्यक्षात ते चाळीस हजारांहून जास्त होते. अण्वस्त्रांची स्फोटके बेटावर पोहोचली आहेत की नाहीत याची अमेरिकेला खात्री नव्हती. ती पोहोचली होती. शिवाय समुद्रकिनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेविरुद्ध वापरायची लहान पल्ल्याची अण्वस्त्रेही तिथे होती, आणि हे 1992 मध्ये हवानातील परिषदेत ऐकल्यावर तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा हादरले. तीस वर्षांपूर्वी सेनाप्रमुख ज्या आक्रमणाचा आग्रह धरत होते, त्याला कोणत्या उत्तराला तोंड द्यावे लागले असते, हे त्या खोलीतल्या एकालाही माहीत नव्हते.

काही लहान चुका, थोडक्यात

हॉटलाइनने पेच सोडवला असे लिहू नये. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना थेट जोडणारी ही सोय 1963 मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीला ती दूरध्वनी नव्हती, टेलिप्रिंटर होती.

केनेडींनी 'नाकाबंदी' हा शब्द मुद्दाम टाळून 'क्वारंटाइन' म्हटले, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकाबंदी ही युद्धाची कृती मानली जाते.

संयुक्त राष्ट्रांचे हंगामी महासचिव ऊ थांट यांना पूर्ण वगळू नये. 24 ऑक्टोबरला त्यांनी दोन्ही नेत्यांना थांबण्याचे आवाहन केले आणि त्यामुळे दोघांनाही मान न गमावता वेळ काढता आला.

चीनने भारतावर 20 ऑक्टोबरला हल्ला केला तो क्यूबाचा पेच पाहूनच, असे ठाम विधान करू नये. तारखा जवळ असणे हा कारणाचा पुरावा होत नाही. आपल्याकडे त्या दिवसांतल्या आठवणी नेफा, लडाख आणि यशवंतराव चव्हाणांना दिल्लीहून आलेल्या बोलावण्याच्या असणे साहजिकच आहे, पण उत्तर क्यूबाचे असेल तर दोन ओळींत त्याची नोंद घेऊन पुढे जावे.

शेवटची चूक: 28 ऑक्टोबरला पूर्णविराम देणे

'तेरा दिवस' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की चौदाव्या दिवशी काय झाले हे कोणी विचारत नाही. फिडेल कॅस्ट्रो यांना माघारीचा निर्णय आधी सांगितलाच गेला नव्हता आणि ते संतापले होते. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना क्यूबाच्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे परत जाणारी क्षेपणास्त्रे समुद्रावरच, जहाजांच्या डेकवर उघडी ठेवून अमेरिकी विमानांना मोजू द्यावी लागली. कॅस्ट्रोंची समजूत काढायला ज्येष्ठ सोव्हिएत नेते अनास्तास मिकोयान नोव्हेंबरच्या सुरुवातीला हवानात गेले. ते तिथे असतानाच मॉस्कोत त्यांच्या पत्नीचे निधन झाले, तरी ते अंत्यसंस्काराला परतले नाहीत. वाटाघाटी आता इल्युशिन-28 या बॉम्बफेकी विमानांवर अडल्या होत्या. ही विमाने क्यूबाच्या सैन्यासाठी आहेत असे कॅस्ट्रो म्हणत होते आणि ती आक्रमक शस्त्रेच आहेत असे वॉशिंग्टन म्हणत होते. लहान पल्ल्याच्या अण्वस्त्रांचे नाव वाटाघाटींत कुठेच नव्हते, कारण अमेरिकेला त्यांची माहितीच नव्हती. त्यामुळे ती कॅस्ट्रोंकडे राहू शकली असती. कॅस्ट्रोंशी समोरासमोर बोलल्यावर मिकोयान यांचे मत झाले की ती तिथे राहता कामा नयेत, आणि तीही परत नेण्यात आली. विमाने काढून घेण्याचे ख्रुश्चेव्ह यांनी मान्य केल्यावर 20 नोव्हेंबरला केनेडींनी वेढा उठवल्याची घोषणा केली. माझ्या कागदावरच्या चार रकान्यांतली शेवटची नोंद त्या तारखेची असते.